‘५२५ पट’ लिहिलेली दुर्बीण मुलासाठी का घेऊ नये

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एखादी तरी नवी दुर्बीण येतेच. मी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना जातो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ती आली की मला बोलावणंही येतं. मागच्या वेळी ती दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आणली होती, चौथीतल्या मुलासाठी. खोक्यावर कड्यांसकट शनी, बाजूला गुलाबी तेजोमेघ आणि खाली लाल ठसठशीत अक्षरांत ‘५२५ पट’.

मी वर पोचलो तोवर मुलगा तासभर झटून घामाघूम झाला होता. चंद्र समोर ढळढळीत दिसत होता, पण दुर्बिणीत नुसतं करडं धुकं. मधेच काहीतरी उजळ सरकायचं, तो ओरडायचा, आणि आईनं डोळा लावेपर्यंत ते गेलेलं असायचं. “काका, ही बिघडलेली आलीये का?” त्यानं विचारलं.

बिघडलेली नव्हती. गंमत म्हणजे खोक्यावरचा आकडाही खोटा नव्हता. तो खरा असूनही निरुपयोगी कसा, हे समजलं की मुलासाठी काय घ्यावं याचं निम्मं उत्तर मिळतं.

५२५ आले कुठून?

त्या दुर्बिणीच्या नळीवर बारीक अक्षरांत ७६/७०० असं लिहिलेलं होतं. पहिला आकडा म्हणजे आतल्या मुख्य आरशाचा व्यास, ७६ मिलिमीटर. यालाच अ‍ॅपर्चर म्हणतात. आपण सरळ दुर्बिणीचं तोंड म्हणू. दुसरा आकडा नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून किती अंतरावर चित्र तयार होतं ते. इथे ७०० मिलिमीटर. ते चित्र आपण एका छोट्या भिंगातून मोठं करून पाहतो. त्या भिंगाला आयपीस म्हणतात आणि त्याच्यावर त्याचं स्वतःचं नाभीय अंतर छापलेलं असतं.

मोठं किती दिसणार हे काढायला तिसरीचा भागाकार पुरतो. ७०० भागिले आयपीसवरचा आकडा. २० चं आयपीस लावलं तर ३५ पट, ४ चं लावलं तर १७५ पट. खोक्यात याशिवाय ‘बार्लो’ नावाची एक प्लॅस्टिकची नळी होती, तिच्यावर ३ पट असं लिहिलेलं. १७५ गुणिले ३ झाले ५२५. म्हणजे कंपनीनं फक्त गुणाकार केला. उद्या कुणी ५ पटीचं बार्लो घातलं तर त्याच दुर्बिणीच्या खोक्यावर ८७५ छापता येईल, दुर्बीण तीच राहील.

मुलानं अर्थातच सगळ्यात मोठा आकडा हवा म्हणून पहिल्याच फटक्यात ४ चं आयपीस आणि बार्लो दोन्ही चढवलं होतं. आपणही तेच केलं असतं.

कणकेचा गोळा आणि पोळी

दुर्बिणीच्या तोंडातून जेवढा प्रकाश आत येतो, तेवढाच आपल्या हाती असतो. त्याला कणकेचा गोळा समजा. मोठं करून पाहणं म्हणजे तो गोळा लाटणं. गोळा लहान असेल आणि पोळी मात्र परातीएवढी हवी असेल, तर ती पातळ होत जाते आणि शेवटी फाटते. दुर्बिणीत फाटणं म्हणजे चित्र अंधुक आणि भुरकट होणं.

हिशोबच मांडायचा तर, ७० पटीवर दिसणारा शनी ५२५ पटीवर नेला की तो लांबीला साडेसात पट आणि रुंदीलाही साडेसात पट ताणला जातो. प्रकाश तेवढाच, जागा मात्र छप्पन्न पट. म्हणून धुकं.

किती लाटता येईल याला एक ढोबळ मर्यादा आहे: तोंडाच्या मिलिमीटरच्या दुप्पट. ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीला फार तर १५० पट. त्यातही आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते, त्यामुळे मोठ्या दुर्बिणींनाही बहुतेक रात्री दीडशे-दोनशेच्या पुढे जाऊन काही हाती लागत नाही. दुकानात खोक्यावर चारशे, पाचशे, सहाशे पट असं दिसलं आणि तोंड ६० किंवा ७६ मिलिमीटरचं असलं, की ते खोकं खाली ठेवावं. ज्यानं तो आकडा छापला त्याला एक तर दुर्बीण कळत नाही, नाही तर गिऱ्हाईक कळतं.

गोळा मोठा करायचा तर तोंड मोठं हवं, आणि इथे फरक वर्गानं वाढतो, कारण प्रकाश क्षेत्रफळावर गोळा होतो. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्यापेक्षा पन्नास पट प्रकाश घेतं. ७६ चा आरसा सुमारे एकशे अठरा पट, आणि १३० चा आरसा जवळजवळ साडेतीनशे पट. ७६ आणि १३० हे आकडे ऐकायला फार लांब वाटत नाहीत, पण दुसऱ्या दुर्बिणीत जवळपास तिप्पट कणीक आहे. तोंड मोठं असलं की बारकावेही जास्त सुटे दिसतात: गुरूवरचे पट्टे, चंद्रावरच्या विवरांतली लहान विवरं, चिकटून दिसणारे जोडतारे.

मग किती पट लागतं?

फार कमी. आकाशात चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची थाळी याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी असते. म्हणजे ४० पटीच्या दुर्बिणीत गुरू तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो तेवढा दिसतो. शनी त्याच्या कड्यांसकट धरला तर त्याचंही साधारण तसंच. कडी वेगळी कळायला तीसेक पट पुरतं, नीट बघायला साठ-सत्तर.

यावर लोक म्हणतात, “पण दिसतो तर एवढासाच!” खरं आहे. आयपीसमध्ये काळ्या गोलाच्या मधोमध वाटाण्यासारखा दिसतो, कारण भोवती बरीच रिकामी जागा असते आणि तुलनेला काही नसतं. पण वाटाणा सुबक, धारदार आणि स्थिर असेल तर मूल त्याच्याकडे पाच मिनिटं बघत बसतं. मोठा पण थरथरणारा डाग त्याला पाच सेकंदही धरून ठेवत नाही.

खरी गोची पायांत असते

स्थिरपणाकडे नवखा माणूस बघतच नाही. मी तर म्हणेन दुर्बीण विकत घेताना आधी तिच्या पायांकडे बघावं, मग तोंडाकडे.

दुर्बीण ज्यावर बसते आणि ज्यावर वळते त्या सगळ्या सरंजामाला माउंट म्हणतात. दुर्बीण जितक्या पटीनं ग्रह मोठा करते, तितक्याच पटीनं माउंटचा हलकासा थरथराटही मोठा करते. वहिनींच्या दुर्बिणीला पातळ अ‍ॅल्युमिनियमची तीन पायांची घोडी होती, तिच्या जोडांना प्लॅस्टिकच्या चाव्या. मी नळीवर बोटानं एक टिचकी मारली आणि मुलाला मोजायला सांगितलं. चित्र थांबेपर्यंत त्यानं सातपर्यंत आकडे म्हटले. दुकानात कुणी बघू दिली तर हीच परीक्षा घ्या: लांबची एखादी पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर पन्नास-साठ पटीवर पकडा, टिचकी मारा, मोजा. दोनच्या आत थांबलं तर उत्तम. चार-पाचच्या पुढे गेलं तर ती दुर्बीण मुलाच्या हातात चालणार नाही, कारण मूल डोळा लावताना दर वेळी नाक किंवा भुवई आपटवतंच.

त्यात पृथ्वी फिरतेय. तारे, ग्रह मिनिटाला पाव अंश पश्चिमेकडे सरकतात. ६५ पटीवर आयपीसमध्ये आकाशाचा पाऊण अंश दिसतो, म्हणजे ग्रह एका कडेकडून दुसरीकडे जायला तीन मिनिटं. आरामात बघून दुसऱ्याला दाखवता येतं. ५२५ पटीवर दिसतो चंद्राच्या रुंदीचा जेमतेम सहावा हिस्सा आणि ग्रह वीसेक सेकंदांत पसार. त्यातली सात सेकंद थरथर थांबण्यात गेली, चार सेकंद फोकस करण्यात. आई वाकेपर्यंत काय शिल्लक राहणार?

माउंटचे तीन प्रकार भेटतात. पहिला साधा, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडसारखा, वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळणारा. चांगला जाड असेल तर उत्तम, पण स्वस्त संचात तो काटकुळाच असतो. दुसरा इक्वेटोरियल, ज्याला एक वजनाचा दांडा आणि तिरपा आस असतो. हा दिसायला अगदी वैज्ञानिक वाटतो, म्हणून बापलोकांना फार आवडतो. त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखला की एकच चक्री फिरवून ताऱ्यामागे जाता येतं. पण दुर्बिणीची नळी कुठल्या दिशेला कशी वळेल हे त्यात मुलाला उमगत नाही, आणि आयपीस भलत्याच कोनात येतं. शिवाय आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाएवढ्या उंचीवर असतो. मुंबईत १९ अंश, कोल्हापुरात १७ च्या आत. आस एवढा खाली झुकवला की काही लहान माउंटमध्ये वजनाचा दांडा घोडीच्या पायावर जाऊन आपटतो. युरोपात पन्नास अंशांवर ही कटकट नसते.

तिसरा डॉबसोनियन. यात घोडी नाहीच. लाकडाची एक फिरती बैठक, तिच्यावर वर-खाली झुलणारी नळी. हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. हा प्रकार लोकप्रिय केला जॉन डॉबसन यांनी. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते आणि जहाजाच्या जुन्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे करायचे. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग ते आपल्या दुर्बिणी घेऊन फुटपाथवर उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवू लागले. तोंडाला पैसा जावा, पायांवर कमी खर्चात भक्कम काम व्हावं, हा त्यामागचा साधा विचार.

मुलांसाठी याचीच लहान, टेबलावर ठेवायची आवृत्ती मिळते. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी मला कुणी एकच दुर्बीण सांग म्हटलं तर मी १३० मिलिमीटर तोंड आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची टेबलावरची डॉबसोनियन सांगतो. स्काय-वॉचरची हेरिटेज १३०पी ही त्यातली प्रसिद्ध. सगळी मिळून साधारण सहा किलो, नळी आत सरकून आखूड होते, सोबत २५ आणि १० ची दोन आयपीस येतात. भागाकार करून बघा: २६ पट आणि ६५ पट. खोक्यावर छापायला लाजिरवाणे आकडे, आणि पहिली दोन वर्षं नेमके तेच लागतात.

“टेबलावरची म्हणजे गच्चीत टेबल न्यायचं का?” हा प्रश्न हमखास येतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवू नका, ती हलते. पूजेचा चौरंग घ्या. खाली चटई, चौरंगावर दुर्बीण, बाजूला मांडी घालून मूल. आयपीस नळीच्या वरच्या टोकाला बाजूला असतं, ते बसलेल्या मुलाच्या डोळ्याच्या आसपास येतं. मोठ्यांचे गुडघे थोडे बोलतात, एवढंच. या दुर्बिणीचा पुढचा भाग उघडा असतो, त्यामुळे शेजारच्या इमारतीचा दिवा आत घुसतो. त्याभोवती काळा कार्डपेपर गुंडाळून चिकटपट्टी लावली की काम होतं.

एक त्रुटी मात्र आहे. आरशाच्या दुर्बिणीतले दोन आरसे प्रवासात किंचित हलतात आणि अधूनमधून स्क्रू फिरवून परत एका रेषेत आणावे लागतात. तारा फोकसच्या थोडा बाहेर नेला की प्रकाशाची गोल चकती आणि तिच्यात आरशाची काळी सावली दिसते. सावली मधोमध असेल तर सगळं ठीक. एका बाजूला कललेली असेल तर स्क्रूची वेळ झाली. पहिल्यांदा अर्धा तास जातो, नंतर पाच मिनिटं. हे नकोच असेल तर ७० किंवा ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण साध्या पण जाड माउंटवर घ्या. चंद्र आणि ग्रह छान दिसतील, तेजोमेघ थोडे कमी.

द्विनेत्री आधी घ्यावी का?

मूल सात-आठ वर्षांचं असेल, किंवा आवड टिकेल की नाही अशी शंका असेल, तर हो. द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, गळ्यात अडकवली की झालं. दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, चित्र सुलटं दिसतं, आणि आकाशातली आवड ओसरली तर खंड्या आणि घारी बघायला उपयोगी पडते.

तिच्यावर ८×४० किंवा १०×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट, दुसरा प्रत्येक भिंगाचं तोंड मिलिमीटरमध्ये. इथेही मोह पहिल्याच आकड्याचा होतो. पण १०×५० चं वजन पाऊण ते एक किलो असतं. लहान हात दोन मिनिटांत थरथरू लागतात आणि थरथर दहा पट होते. लहान मुलाला ७×३५ किंवा ८×४० बरी, बारा वर्षांपुढच्याला १०×५०. पंधरा किंवा वीस पटीची हातात धरून वापरताच येत नाही. आणि ‘१० ते ३० पट झूम’ असं लिहिलेली तर अजिबात नको. झूम करताना दोन्ही नळ्यांची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत आणि डोकं दुखतं.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट दुकानदारही सांगत नाहीत. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साठ-बासष्ट मिलिमीटर अंतर असतं. बऱ्याच द्विनेत्री मिटवून मिटवून ५६ मिलिमीटरपर्यंतच जवळ येतात. सहा वर्षांच्या मुलाचं अंतर त्याहून कमी असू शकतं, मग त्याला कितीही प्रयत्न केला तरी एकाच डोळ्यानं दिसतं. ते सांगत नाही, नुसतं “हो, दिसलं” म्हणतं. घरी पट्टी धरून बाहुली ते बाहुली मोजा, आणि द्विनेत्रीच्या माहितीत किमान अंतर किती दिलंय ते बघून घ्या.

हात स्थिर ठेवायला गच्चीत चटईवर उताणं झोपणं सगळ्यात सोपं. दुसरा उपाय केरसुणीचा: लांब दांड्याचा झाडू उलटा उभा करायचा आणि केसांच्या बाजूवर द्विनेत्री टेकवायची. हसू येतं, पण गुरूचे चार चंद्र यानंच दिसले अशी मुलं मला माहीत आहेत. बऱ्याच द्विनेत्रींच्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला एक छोटं झाकण असतं. ते फिरवून काढलं की आत ट्रायपॉडसाठी आटे असतात. कित्येकांना वर्षानुवर्षं याचा पत्ता नसतो.

मर्यादाही सांगून टाकतो: शनीची कडी द्विनेत्रीतून दिसत नाहीत. मुलानं कड्यांसाठीच हट्ट धरला असेल तर ती देऊन त्याची समजूत निघणार नाही.

नाव बघून घेतलं तर निर्धास्त?

अर्धवट. नावाजलेल्या कंपनीची खात्री एका बाबतीत असते: जेवढं तोंड लिहिलंय तेवढं खरंच मिळतं. अनोळखी खेळण्यात कधीकधी ५० मिलिमीटरच्या भिंगामागे एक प्लॅस्टिकचं कडं बसवलेलं असतं, भिंगाच्या कडेचा वाईट भाग झाकायला. उरतं तीस-पस्तीस मिलिमीटर. हे पकडायची युक्ती सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत आयपीसच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढच्या तोंडासमोर कागद धरून प्रकाशाचं वर्तुळ मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा ते बरंच लहान आलं की समजून जा.

दुर्बिणींत स्काय-वॉचर आणि सेलेस्ट्रॉन ही नावं भारतात सहज मिळतात. दोन्ही सिंटा या एकाच तैवानी समूहाची आहेत, त्यामुळे दोन्हींच्या लहान दुर्बिणींत डावं-उजवं करण्यात फार वेळ घालवू नये. जीएसओ हेही तैवानचं चांगलं नाव, ब्रेसर जर्मनीचं, विक्सन जपानचं. द्विनेत्रीत निकॉन आणि ऑलिंपस यांच्या साध्या श्रेणीही मुलाला पुरून उरतात. मीड आणि ओरायन या जुन्या अमेरिकन कंपन्या २०२४ मध्ये बंद पडल्या, त्यामुळे त्यांचा उरलेला माल स्वस्तात दिसला तरी सुटे भाग आणि हमी यांचा विचार करा.

पण चांगलं नाव म्हणजे चांगले पाय असं नाही. मोठ्या कंपन्याही सणासुदीला स्वस्त संच काढतात, त्यात भिंग बरं आणि घोडी लटपटी असते. आणखी एक खूण लक्षात ठेवा: नळी हातभर लांब आणि लेबलवर नाभीय अंतर १००० मिलिमीटर. आरशाच्या साध्या दुर्बिणीची नळी तिच्या नाभीय अंतराएवढी लांब लागतेच. ती निम्मी असेल तर आत एक जादा भिंग बसवून अंतर ताणलेलं आहे. या स्वस्त जोडणीत चित्र बहुधा मऊ येतं आणि आरसे एका रेषेत आणणं नवख्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

आयपीसची नळी सव्वा इंचाची आहे ना, तेवढं मोजून घ्या. तो सगळ्या जगाचा ठरलेला माप आहे, पुढे कुठल्याही कंपनीचं आयपीस त्यात बसतं. एक इंचाहून बारीक असेल तर खोक्यात आलं तेवढ्यावरच भागवावं लागतं.

शहराच्या उजेडात काय डोंबल दिसणार?

चंद्र, गुरू, शनी, शुक्र हे सगळं डोंबिवलीच्या गच्चीतूनही छान दिसतं. हे इतके तेजस्वी आहेत की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. मार खातात ते अंधुक तेजोमेघ आणि दीर्घिका. मृग नक्षत्रातला तेजोमेघ शहरातूनही करड्या पिसासारखा दिसतो. देवयानी दीर्घिकेसाठी मात्र बाहेर जावं लागतं. आणि गुलाबी-निळे रंग कुठूनच दिसत नाहीत. ते कॅमेऱ्यानं तासन् तास प्रकाश साठवून आणलेले असतात, डोळ्याला तशी सोय नाही. हे मुलाला खोकं उघडायच्या आधीच सांगितलेलं बरं.

गॅलरी उत्तरेकडची असेल तर ग्रह जवळजवळ दिसतच नाहीत, ते पूर्वेकडून दक्षिणेकडून डोक्यावरून पश्चिमेला जातात. बंद खिडकीच्या काचेतूनही बघू नका. ती काच दुर्बिणीसाठी घासलेली नसते.

घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघणं सगळ्यात शहाणपणाचं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला मुलाला घेऊन जा. तिथे चार प्रकारच्या दुर्बिणी रांगेत असतात आणि कुठल्या दुर्बिणीपाशी मूल परत परत जातं ते आपोआप कळतं.

सूर्य

इथे विनोद नाही. काही स्वस्त संचांत आयपीसला लावायचा एक छोटा काळा फिल्टर येतो, त्यावर ‘सन’ असं लिहिलेलं असतं. तो आजच्या आज फेकून द्या. सगळ्या तोंडातून गोळा झालेली उष्णता त्या नखाएवढ्या काचेवर पडते, ती तडकते आणि उघड्या सूर्याचा किरण थेट डोळ्यात जातो. सूर्य बघायचा तर खास सौर फिल्टर पुढच्या तोंडावर, वाऱ्यानं उडणार नाही असा घट्ट बसवूनच. तो नसेल तर दिवसा दुर्बीण झाकण लावून कपाटात.

आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच नसतं, म्हणून मे महिन्यात घाईनं दुर्बीण घेण्यात अर्थ नाही. घरात आधीच असेल तर कोकण-मुंबईच्या दमटपणात भिंगांवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती काचेवरचा थर कायमचा खाते. आयपीस आणि द्विनेत्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रेक्झिनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं.

वहिनींच्या दुर्बिणीचं त्या रात्री आम्ही हे केलं: बार्लो आणि ४ चं आयपीस काढून खिशात टाकलं, २० चं लावलं. घोडीचे पाय आखूड केले, तिच्या मधल्या कडीला पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली दोरीनं लटकवली. थरथर सातवरून तीनवर आली. चंद्र अष्टमीचा होता, म्हणजे सावलीची कड बरोबर मधोमध आणि तिच्यावर विवरांच्या कडा खरवडल्यासारख्या उठून आलेल्या. पौर्णिमेला सावल्याच नसतात, तेव्हा चंद्र सपाट दिसतो. मुलाला पहिल्यांदा चंद्र दाखवायचा तर कॅलेंडरवर शुक्ल सप्तमी ते दशमी बघून ठेवावी. मुलगा पस्तीस पटीवर चंद्र बघत राहिला आणि खाली जेवायला बोलावलं तर ऐकेना.

वर्षभरानं त्यांनी १३० ची डॉबसोनियन घेतली. ५२५ पटीचं खोकं माळ्यावर आहे. घोडी तेवढी खाली काढली होती. यंदा तिच्यावर आकाशकंदील टांगला होता, तेवढं वजन ती नीट पेलते.